निरोपाच्या कार्डावरचं अक्षर

सुवर्णा भित्री होती. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कोणी तिच्याकडून भलत्याच शौर्याची अपेक्षा धरून बसणार नाही. गॅस बंद केलाय का हे बघायला ती बसस्टॉपवरून परत यायची. शाळेच्या शिपायाने नुसतं "मॅडम, तुम्हाला हापिसात बोलावलंय" म्हटलं तरी ती मनात राजीनाम्याचा अर्ज लिहायला घ्यायची, आणि हापिसात जाऊन कळायचं की मुख्याध्यापकांना फक्त स्वागताचा फलक रंगवून हवा आहे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण सुवर्णाच्या पाठी ब्रह्मराक्षसांची अख्खी बस असायची.

एका बाबतीत मात्र तिचा हात कधी कापला नाही. ती नाशिकच्या वेशीवरच्या एका शाळेत चित्रकलेची शिक्षिका होती, आणि तिचं अक्षर असं होतं की पालक मुलांना सोडायला आले की फाटकापाशी थांबून सुविचार वाचायचे. सुविचार नेहमीचेच, पण वाचावेसे वाटायचे. दारावरचा फलक, प्रमाणपत्रांवरची नावं, गॅदरिंगची निमंत्रणं, सगळीकडे तिचंच अक्षर. शाळेत कोणी निवृत्त झालं की निरोपाचं कार्डही तिच्याकडेच यायचं. मजकूर तिने लिहायचा, सह्यांची जागा तिने आखायची, सगळ्यांच्या सह्या झाल्या की उरल्यासुरल्या कोपऱ्यात शेवटची सही स्वतःची करायची. हा शेवटचा कोपरा तिला फार आवडायचा. तिथे कोणाची नजर जात नाही.

या वर्षी फेब्रुवारीअखेर ललिताबाई निवृत्त होणार होत्या, आणि या वेळचं कार्ड नेहमीसारखं नव्हतं.

ललिताबाई मराठी शिकवायच्या. उंच, सडसडीत, आवाज खणखणीत. सुवर्णा नोकरीला लागली तेव्हा पहिल्या दिवशी फलक लिहिताना बघ्यांच्या गर्दीने इतकी गांगरली की खडू दोनदा हातातून पडला. ललिताबाईंनी खडू उचलून दिला, मुलांना वर्गात पिटाळलं आणि स्वतः तिच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, कोणी येऊ नये म्हणून. तेव्हापासून रोज सकाळी त्या फलकापाशी थांबायच्या, वाचायच्या आणि एकच शब्द बोलायच्या, "झकास." ती वर्षानुवर्षं मिळालेली एकच पगारवाढ, असं सुवर्णा घरी नवऱ्याला, ज्ञानेशला सांगायची.

दिवाळीनंतर एकदा डबा खाताना बाई म्हणाल्या, "सुवर्णा, मला भाषणं नकोत, शाल नको. तुझ्या अक्षरातल्या दोन ओळी हव्यात. आणि त्यात 'प्रदीर्घ', 'निष्कलंक', 'भावी आयुष्य' असलं काही नको हं. देशील?"

"देईन की बाई. त्यात काय!"

त्यात काय, असं म्हणणाऱ्या माणसाची दैव हमखास परीक्षा घेतं.

गोष्ट अशी होती. संस्थेच्या चेअरमनना, सगळे ज्यांना नुसतं 'साहेब' म्हणत, शाळेच्या मैदानाची रस्त्याकडची पट्टी गाळ्यांसाठी हवी होती. ललिताबाईंनी पालकसभेत उभं राहून सांगितलं, मैदान मुलांचं आहे. मग त्यांनी सह्यांचं निवेदन काढलं. त्यावर पहिली सही होती भूगोलाच्या धनराज सरांची. दुसरी व्हायच्या आतच धनराज सरांची बदली सुरगाण्याकडच्या शाखेत झाली. आता ते अंधारात घर सोडतात आणि अंधारात घरी येतात. बाईंना साहेबांनी हात लावला नाही, कारण त्यांची थोडीच वर्षं उरली होती आणि गावात त्यांचे विद्यार्थी फार होते. गाळ्यांचं काम अडकलं ते अडकलंच. साहेब ते विसरले नव्हते.

निरोपसमारंभाचा विषय निघाला तेव्हा साहेब मुख्याध्यापकांच्या खोलीत हसत हसत म्हणाले, "करा ना, जरूर करा. शाल-श्रीफळ माझ्या हस्ते. आणि ते कार्ड करता ना तुम्ही सह्यांचं? तेही माझ्याच हस्ते द्या. बघू तरी कोणाकोणाला किती वाईट वाटतंय ते."

एवढं वाक्य मधल्या सुट्टीपर्यंत शिक्षकखोलीत पोचलं, आणि कोणाचाच डबा धड संपला नाही.

सुवर्णाची तर पाचावर धारण बसली. कलाशिक्षकाची जागा आधीच तळहातावरच्या पाण्यासारखी. घरी सासूबाई नवसाबाई गुडघ्यांनी अडलेल्या, ज्ञानेशची कंपनीत पाळ्यांची नोकरी. सुरगाण्याला बदली झाली तर घरात दिवा कोण लावणार, इथपर्यंत तिचा विचार क्षणात गेला. पण कार्ड करायचं नाही म्हणणं म्हणजे ललिताबाईंच्या तोंडावर नाही म्हणणं. तेही तिच्याच्याने होईना.

मग घाबरलेली माणसं करतात तेच तिने केलं. काम इतकं नीटनेटकं करायचं की त्यात आपण दिसूच नये. पांढरी जाड कार्डशीट आणली, मधोमध सुरीच्या बोथट पाठीने रेघ ओढून घडी पाडली म्हणजे घडीला कागद फुटत नाही. डाव्या पानावर मजकूर, उजव्या पानावर सह्या. डावीकडे तिने ठेवणीतलाच मजकूर लिहिला, आदरणीय ललिता मॅडम, आपल्या प्रदीर्घ व निष्कलंक सेवेबद्दल, वगैरे. बाईंनी नको म्हटलेला एकही शब्द सुटला नाही. उजवीकडे पट्टीने चौकटी आखल्या. तीन बोटं रुंद आणि दोन बोटं उंच, म्हणजे शेपटीवाली सहीही मावते. आणि सह्या एकमेकींवर चढू नयेत म्हणून प्रत्येक चौकटीत क्रमांक घातला आणि खाली पेन्सिलीने बारीक नाव लिहिलं. सेवाज्येष्ठतेप्रमाणे. पहिले मुख्याध्यापक शेखर सर, शेवटची ती स्वतः.

ही चूक फक्त शाळेतल्या माणसाच्याच हातून व्हावी. रोज सकाळी हजेरीपटावर सही करून करून यांच्या हाताला तीच सवय लागलेली. निरोपाच्या कार्डाचं तिने मस्टर केलं होतं, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही.

शेखर सरांच्या आलं. त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सुंदर. फारच सुंदर, सुवर्णा मॅडम. फक्त असं करा, आधी बाकीच्यांच्या घ्या. मी काय, शेवटी करीनच."

"पण सर, पहिली चौकट..."

"राहू द्या हो. माझी कुठे पळून जातेय!"

कार्ड शिक्षकखोलीत गेलं. दुसऱ्या चौकटीच्या मालकीणबाईंनी पाहिलं की पहिली रिकामी आहे, आणि त्यांचं पेन तेव्हाच बिघडलं. तिसरे म्हणाले, दुसरीच्या आधी कशी करणार, बरं दिसत नाही. गणिताचे अमोल सर, जे एरवी कोणाचंही ऐकत नाहीत, ते म्हणाले, "मॅडम, एक आयडिया. आपण वेगळ्या चिठ्ठ्यांवर सह्या करू. ऐनवेळी चिकटवू, नाहीतर नाही चिकटवणार." सगळे हसले, पण कोणीतरी खरंच चिठ्ठी फाडायला घेतली होती.

दोन दिवसांनी कार्ड सुवर्णाकडे परत आलं. एकतीस चौकटी, एकतीस नावं आणि एकही सही नाही. तिने ते चित्रकलेच्या खोलीत खिडकीपाशी धरलं आणि तिला घाम फुटला. कारण आता तिला दिसलं की तिने काय करून ठेवलंय. ज्याने सही केली तो साहेबांना सापडणार, आणि ज्याने केली नाही तो बाईंना सापडणार. नावासकट. कार्ड बाईंनी उघडायचं आणि त्या रिकाम्या चौकटी एकेक करून वाचायच्या. छत्तीस वर्षं काढलेल्या शाळेने दिलेला हा निरोप. आणि तो सुवर्णाने पट्टीने आखून दिलेला. तिला स्वतःचाच इतका राग आला की तिने कार्ड कपाटाच्या तळाला, जुन्या तक्त्यांच्या खाली कोंबलं.

घरी आली तर सासूबाई ओट्यापाशी द्राक्षं निवडत बसल्या होत्या. निफाडहून भाचीने पेटी पाठवली होती. नवसाबाई घड हातात फिरवत, कात्रीने किडका मणी अलगद काढत आणि घड परत ताटात ठेवत.

"काय गं, त्वांड का असं झालंय तुझं?"

"काही नाही आत्या. शाळेतलं."

"शाळा लय झाली आता. खा दोन मणी."

सुवर्णाने घड घेतला. काढलेल्या मण्याची जागा शोधून पाहिली तर सापडेना. बाजूचे मणी तिथे दाटून आले होते. ती तशीच घड फिरवत बसली, इतका वेळ की सासूबाई म्हणाल्या, "अगं, खायला दिलाय, इकायला नाय."

घडात पहिला मणी कोणता, हे कोणी सांगू शकत नाही. आणि रिकामा मणी हाही मणीच दिसतो. सुवर्णाने हात धुतले आणि कागद काढला.

नवं कार्ड तिने असं मांडलं. आतली दोन्ही पानं मिळून एकच चित्र. वर देठ आणि दोन पानं, खाली भरगच्च घड. मणी सारखे नाहीत. काही मोठे, शेखर सरांच्या सहीच्या शेपटीसाठी, काही लहान, जे नुसती आद्याक्षरं करतात त्यांच्यासाठी. घडीवर एकही मणी येऊ दिला नाही, नाहीतर सही मोडते. माणसं एकतीस, पण मणी तिने चाळिसावर काढले. कोणी सही केली नाही तर तो मणी हलक्या हिरव्या रंगात नुसता मणी म्हणून राहील. नावं नाहीत, क्रमांक नाहीत. रंग अगदी पातळ, म्हणजे वरून शाई उठून दिसावी. उजव्या पानावर, घडाच्या कुशीत, तळहाताएवढी जागा मजकुरासाठी मोकळी.

ती मोकळी जागा बघता बघता तिचा आनंद विरला. तिने सगळ्यांना लपायला जागा केली होती. पण मजकूर लिहिणार कोण? तिचं अक्षर शाळेच्या भिंतीभिंतीवर होतं. साहेब कार्ड उघडणार, आणि एकतीसांपैकी कोणी सापडो न सापडो, सुवर्णा सापडणार. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हटलं तर भांड्यावर नावच कोरलेलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती शहरात गेली, टायपिंग करून देणाऱ्या दुकानात. ठेवणीतला मजकूर टाइप करून घेतला. दुकानदाराने विचारलं, "थेट कार्डावर काढू?" पण जाड कार्डशीट त्याच्या यंत्रात जाईना. मग साध्या कागदावर छापून, कापून ती चिठ्ठी तिने घडाच्या कुशीत चिकटवली. पूर्ण पाठीला डिंक लावला तर कागदाला सुरकुत्या पडतात म्हणून फक्त चार कोपऱ्यांना. निदान स्वतःला तिने कारण हेच सांगितलं.

शेखर सरांनी कार्ड उघडलं. त्यांचे डोळे आधी मजकुरावर गेले.

"हे तुमचं अक्षर नाही."

"टाइप केलंय, सर."

"हं." त्यांनी घड नीट न्याहाळला. वर, खाली, कडेला. "यात पहिलं कोण?"

"कोणीच नाही, सर."

सरांनी पेन काढलं. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती बघून सुवर्णाला बरंही वाटलं आणि लाजही वाटली. त्यांनी अगदी आतला, पानाआडचा मणी निवडला आणि सही केली. त्यांच्यापाठोपाठ कार्ड शिक्षकखोलीत फिरलं आणि एका दुपारीत भरलं. सुवर्णाने सगळ्यांना एकच पेन दिलं होतं, म्हणजे शाईवरूनही कोणी ओळखू येऊ नये. अमोल सर मणी शोधत म्हणाले, "मॅडम, डोकं आहे हां तुम्हाला!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाईंसाठी केलीय हां सही. मनापासून केलीय." जणू तिने विचारलं होतं.

सुवर्णाने स्वतःची सही केली टोकाच्या एका मण्यात, नेहमीसारखी शेवटी. सगळे सुखरूप होते. कार्ड देखणं होतं. आणि त्यात ललिताबाईंनी मागितलेलं काहीही नव्हतं.

समारंभाच्या आदल्या सकाळी बाई फलकापाशी थांबल्या. वाचलं. "झकास," म्हणाल्या. मग जाता जाता वळून, "उद्या माझ्या दोन ओळी. विसरली नाहीस ना?"

"नाही बाई," सुवर्णा म्हणाली. खोटं बोलताना तिचा आवाज अजिबात कापला नाही, याचीच तिला जास्त भीती वाटली.

समारंभाच्या दिवशी ती शाळा भरायच्या बरीच आधी आली. चित्रकलेची खोली आतून लावून घेतली आणि कार्ड टेबलावर उघडं ठेवलं. आता हे लक्षात घ्या, की त्या कार्डावर तीस जणांच्या सह्या झालेल्या होत्या. चिठ्ठी काढताना कागद फाटला तर सह्या गेल्या. शाईचा एक थेंब चुकीच्या मण्यावर पडला तर ती सही गेली, आणि आता दुसरं कार्ड फिरवायला वेळ नव्हता, कोणाची छातीही नव्हती. तिने चार कोपऱ्यांना ओला बोळा टेकवला, थांबली, परत टेकवला. ब्लेडचं पातं सरपटत आत घातलं. चिठ्ठी सुटली. मधला कागद कोरा आणि गुळगुळीत होता. कोपऱ्यांवर मात्र कागद उसवला होता, तिथे शाई फुटली असती. तिथे तिने चमच्याच्या पाठीने घोटून घोटून कागद बसवला आणि ठरवलं की कोपऱ्यांना जायचंच नाही.

पेन्सिलीने शिरोरेषेच्या फिक्या रेघा मारल्या. तिरक्या टोकाचा टाक शाईत बुडवला. आणि हात कापायला लागला. आयुष्यात पहिल्यांदाच अक्षर लिहिताना. तिने डावा हात उजव्या मनगटाखाली दिला, श्वास रोखला आणि पहिला 'बा' काढला. कान्याला किंचित थरथर आली. ती दिसत होती. बाकीच्यांना दिसलीही नसती, पण तिला दिसत होती.

एक गोष्ट तिला फार टोचत होती. बाकीच्यांनी सह्या केल्या त्या टाइप केलेल्या मजकुराभोवती. आता आपण शब्द बदलायचे आणि सह्या त्यांच्या वापरायच्या, हे बरं नव्हे. म्हणून तिने तेही लिहून टाकलं.

तिने लिहिलं:

'बाई, तुम्ही वर्गात आलात की पुस्तकाआधी खिडक्या उघडायचात. आम्हालाही वाऱ्याची सवय लागली. ती आता सुटायची नाही. सह्या सगळ्यांच्या आहेत, शब्द माझ्या एकटीचे. सुवर्णा.'

वाळू दिलं, पेन्सिलीच्या रेघा खोडरबरने हलक्या हाताने पुसल्या, कार्ड मिटलं. मग ती बाकावर बसून राहिली. त्या ओळींवर टाइप केलेली चिठ्ठी परत डकवायला अजूनही वेळ होता. ती उठली नाही, कारण तिच्या पायांत उठण्याइतका जोरच नव्हता. धैर्य म्हणतात ते कधीकधी असंही असतं.

सभागृहात साहेब मधल्या खुर्चीवर होते. शेखर सरांनी भाषण केलं, त्यात ललिताबाईंबद्दल कमी आणि संस्थेबद्दल जास्त होतं. शाल झाली, नारळ झाला. मग कार्ड. साहेबांनी ते बाईंना देण्याआधी स्वतः उघडलं, सांगितलं होतं तसंच.

ते बराच वेळ बघत होते. त्यांचा अंगठा घडावरून फिरला, वरपासून खालपर्यंत, आणि कुठेच थांबला नाही. मग तो मधोमध आला आणि थांबला. शेखर सरांनी मान लांब करून पाहिलं. टाइप केलेली चिठ्ठी नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"शब्द माझ्या एकटीचे," साहेबांनी मोठ्याने वाचलं. "या एकट्या कोण?"

भिंतीवर, त्यांच्या डोक्याच्या अगदी वर, त्याच अक्षरात सुविचार होता. त्यांना उत्तर माहीत होतं. पण त्यांना ते तिच्या तोंडून हवं होतं. सुवर्णा उभी राहिली. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज सगळ्या सभागृहाने ऐकला.

"मी, साहेब. सुवर्णा."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, कार्डाकडे पाहिलं होतं तसंच.

"अक्षर छान आहे तुमचं," ते म्हणाले, आणि हसले.

रागावले असते तर परवडलं असतं. सगळे शिक्षक मान खाली घालून बसले. कोणी टाळी वाजवली नाही. ललिताबाईंनी कार्ड घेतलं, उभ्यानेच वाचलं, परत वाचलं. 'बा'च्या थरथरलेल्या कान्यावर त्यांनी बोट ठेवलं. मग त्यांनी कार्ड छातीशी धरलं, व्यासपीठावरून थेट सुवर्णाकडे बघितलं आणि त्यांचा तो खणखणीत आवाज मधेच फुटला.

"झकास," त्या म्हणाल्या.

बदलीचा हुकूम जूनमध्ये आला. पेठकडच्या शाखेत. तिकडे फलकलेखनाला चांगल्या अक्षराचा माणूस हवा आहे, असं त्यात कारण दिलं होतं. संस्थेच्या पत्रात सुवर्णाचं इतकं कौतुक आधी कधीच झालं नव्हतं. ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. ज्ञानेश म्हणाला, "होईल काहीतरी." नवसाबाई म्हणाल्या, "दिवा मी लावीन की. हात धड हायेत अजून, गुडघेच गेलेत." भीती कमी झाली नाही. फक्त आता ती कशाची आहे ते ठाऊक झालं होतं, आणि त्या भीतीला वेळापत्रक मिळालं होतं, पहाटेच्या एसटीचं.

शाळेतल्या शेवटच्या दिवशी तिने शेखर सरांना आधीच सांगून ठेवलं, मला कार्यक्रम नको, कार्ड तर नकोच. कोणाला उगाच अडचण नको. सर म्हणाले, "बरं." आपण सांगितलेलं त्यांनी इतक्या पटकन ऐकलं, याचं तिला थोडं वाईटही वाटलं.

ती चित्रकलेच्या खोलीत कपाट आवरायला गेली. टेबलावर एक कार्ड उभं केलेलं होतं. तिने ते ओळखलं. तिनेच तक्त्यांखाली कोंबलेलं, मस्टरसारखं आखलेलं ते पहिलं कार्ड. डाव्या पानावरच्या तिच्या मजकुरावर कोणीतरी पांढरा कागद डकवला होता. पूर्ण पाठीला डिंक फासलेला, म्हणून सुरकुत्यांनी भरलेला. त्यावर अमोल सरांच्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'सुवर्णा मॅडम, मजकूर सुचत नाही. सह्या पुरे.' ओळ उजवीकडे उतरत गेली होती, समास सोडलेला नव्हता.

उजव्या पानावर तिच्या चौकटी. चौकट क्रमांक एक, खाली तिनेच पेन्सिलीने लिहिलेलं नाव, आणि त्यावर शेखर सरांची शेपटीवाली पूर्ण सही, तारखेसकट. दोन. तीन. चार. अमोल सरांची. ज्यांचं पेन बिघडलं होतं त्यांचीही. प्रत्येक आपापल्या नावावर, वेगवेगळ्या शाईत. तीसच्या तीस चौकटी भरलेल्या होत्या. साहेबांनी हे कार्ड हातात घेतलं असतं, तर त्यांना काही शोधावंच लागलं नसतं.

शेवटची चौकट तिची स्वतःची होती. निरोप घेणाऱ्याने स्वतःच्याच कार्डावर सही करायची नसते, म्हणून ती कोरी असणार, असं धरून तिने बोट खाली नेलं. तिथेही सही होती. पेन्सिलीतल्या 'सुवर्णा' या नावावर, ललिताबाईंची. त्या निवृत्त होऊन तीन महिने उलटले होते. नुसत्या सहीसाठी त्या शाळेत येऊन गेल्या होत्या, आणि फाटकातून आत येताना त्यांना सगळ्यांनी पाहिलं होतं.

सुवर्णाने कार्ड पिशवीत घातलं, परत काढलं, रुमालात गुंडाळलं आणि परत घातलं. मग कपाट बंद करून किल्ली हापिसात द्यायला गेली.